घटक ४ : संवादलेखन – न उच्चारलेला संघर्ष

४.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील.

१. संवादाचा वरचा विषय आणि त्याखालचा खरा संघर्ष यांतील फरक ओळखता येईल.
२. असा प्रसंग लिहिण्यापूर्वी कोणती तयारी करावी लागते, हे सांगता येईल.
३. उघड संवादाच्या खर्ड्यावरून अंतःप्रवाह असलेला प्रसंग लिहिता येईल.
४. आपण लिहिलेला प्रसंग कोठे फार उघडा पडला आहे व कोठे फार झाकला गेला आहे, हे तपासता येईल.

४.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण पात्राची बोली, वाक्यांची लांबी आणि संवादाची लय यांचा विचार केला. पात्रे काय बोलतात, हा तेथे आपल्या अभ्यासाचा विषय होता. या घटकात आपण पात्रे काय बोलत नाहीत, याकडे वळणार आहोत.

घरातील ज्या गोष्टीवरून माणसांची मने खरोखर दुखावलेली असतात, ती गोष्ट सोडून ती माणसे बाकी सगळे बोलतात, हा अनुभव आपणां सर्वांना आहे. चहात साखर किती, गाडी किती वाजता, यंदा पाऊस कसा, अशी बोलणी चालू असतात आणि ऐकणाऱ्या तिऱ्हाइताला मात्र खोलीत काहीतरी तणाव आहे, हे जाणवते. बोलण्याच्या वरच्या विषयाखाली वाहणाऱ्या या अर्थाला रंगभूमीच्या परिभाषेत 'सबटेक्स्ट' म्हणतात. ही संकल्पना रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांच्या अभिनयविचारातून पुढे रूढ झाली. या घटकात आपण तिच्यासाठी 'अंतःप्रवाह' हा शब्द वापरू.

चेखव यांच्या 'चेरी ऑर्चर्ड' (१९०४) या नाटकाच्या शेवटच्या अंकातील एक छोटा प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. लोपाखिन आता वार्याला लग्नाची मागणी घालणार, अशी सर्वांची अपेक्षा आहे. दोघांना मुद्दाम एकटे सोडलेले आहे. वार्या सामानात काहीतरी शोधत राहते. तो थंडीबद्दल बोलतो आणि ती थर्मामीटर मोडल्याचे सांगते. तेवढ्यात त्याला बाहेरून हाक येते आणि तो निघून जातो. लग्न हा शब्द कोणीही उच्चारत नाही. लग्न होणार नाही, हे मात्र प्रेक्षकाला पक्के कळते.

मराठीत महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) हे नाटक या दृष्टीने अवश्य वाचावे. वडिलांच्या निधनानंतर एकत्र आलेल्या देशपांडे कुटुंबात दागिने, खर्च आणि दारात बंद पडलेला ट्रॅक्टर यांविषयी जे बोलले जाते, त्याच्या आड प्रत्येकाची वाड्याशी असलेली देणीघेणी दडलेली असतात.

४.३ विषय विवेचन

४.३.१ अभ्यासासाठी घेतलेला प्रसंग

आपण एकच प्रसंग घेऊन तो दोन प्रकारे लिहून पाहू. प्रसंग काल्पनिक आहे, परंतु त्याची जमीन खरी आहे. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील भरे हे गाव पिरंगुट–घोटावडे परिसरात आहे. हा भाताचा मुलूख. पावसाळ्यात खाचरांत भात आणि भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर हरभऱ्यासारखे रब्बीचे पीक, अशी येथील शेतीची रीत. पुणे शहर जवळ आल्यापासून या पट्ट्यातील रस्त्यालगतच्या जमिनींना गिऱ्हाईक आले आणि जमिनीचा व्यवहार हा घराघरांतील विषय झाला.

दत्ता हा पन्नाशीचा शेतकरी भरे येथे राहतो. त्याची थोरली बहीण, आक्का, मावळात दिलेली आहे. आई पूर्वीच गेली. वडील, म्हणजे आबा, दोन वर्षांपूर्वी वारले. वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर भावाबहिणीची दोघांची नावे लागली. दत्ताने रस्त्यालगतच्या खालच्या खाचराचा व्यवहार ठरवला आहे आणि बहिणीला न विचारता इसारही घेतला आहे. आता खरेदीदाराच्या वकिलाने आक्काचे हक्कसोडपत्र मागितले आहे.

या कागदाचे वजन लेखकाला नेमके ठाऊक असले पाहिजे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या सुधारणेने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. तो हक्क भावाच्या नावे सोडायचा, तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकासमोर नोंदवावे लागते. म्हणजे बहिणीने स्वतः तेथे जाऊन सही-अंगठा द्यावा लागतो. कायदा असा असला, तरी रूढी वेगळी आहे. 'भावाकडे हिस्सा मागितला की माहेर तुटते' हे वाक्य अनेक बायकांनी लहानपणापासून ऐकलेले असते. म्हणून आक्कासमोरचा पेच पैशापुरता नाही. सही केली तर तिचा हक्क जातो. सही नाकारली तर दिवाळीला, लग्नकार्याला, आजारपणाला ज्या दारात जायचे ते दार बंद होण्याची भीती आहे.

४.३.२ पहिला खर्डा : सर्व काही बोलून टाकणारा संवाद

नवोदित लेखक हा प्रसंग बहुधा पुढीलप्रमाणे लिहितो.

दत्ता : आक्का, तुला माहीत आहे, आबांना जाऊन दोन वर्षं झाली आणि सातबाऱ्यावर तुझंही नाव लागलं आहे. खालच्या खाचराचा व्यवहार मी ठरवलाय. तुझी हक्कसोडपत्रावर सही पाहिजे.

आक्का : मला न विचारता तू इसार घेतलास? मी या घरची मुलगी नाही का? कायद्यानं निम्मा हिस्सा माझा आहे.

दत्ता : आबांच्या आजारपणाचा सगळा खर्च मी केला. तुझ्या लग्नाचं कर्जही मीच फेडलं. तेव्हा तुझा हिस्सा कुठे होता?

आक्का : मला पैसा नको, दत्ता. मला मान हवा आहे. तू एकदा विचारलं असतंस, तर मी आनंदानं सही केली असती.

या संवादात खोटे काहीच नाही. संघर्ष खरा आहे, दोघांची बाजूही खरी आहे. तरीही प्रसंग फिका वाटतो. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे, की पात्रे एकमेकांना ठाऊक असलेलीच माहिती एकमेकांना देतात. आबा कधी गेले, हे आक्काला सांगावे लागत नाही. ते वाक्य वाचकासाठी लिहिलेले आहे आणि वाचकाला ते लगेच कळते. दुसरे कारण, पात्रांना स्वतःच्या मनाचे पूर्ण ज्ञान आहे. 'मला पैसा नको, मान हवा' हे वाक्य आक्काबद्दल लेखकाने काढलेला निष्कर्ष आहे. दुखावलेले माणूस स्वतःचा निष्कर्ष इतक्या नीट मांडू शकत नाही. बहुधा त्याला तो ठाऊकही नसतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. शेवटच्या वाक्यासरशी संघर्ष मिटण्याच्या मार्गाला लागतो. दत्ताने 'चुकलं माझं' म्हटले की गोष्ट संपली. वाचकाला करण्यासारखे काही उरले नाही.

याचा अर्थ उघड भांडण लिहूच नये असा नव्हे. बरेच दिवस दाबलेली गोष्ट अखेर फुटते, तेव्हा थेट वाक्येच लागतात. मात्र ती फुटण्यापूर्वी वाचकाने दाब अनुभवलेला असला पाहिजे.

हा खर्डा फाडून टाकू नये. तो जपून ठेवावा, कारण दुसऱ्या खर्ड्यात जे झाकायचे आहे त्याची ही यादीच आहे.

४.३.३ पुनर्लेखनापूर्वीची तयारी

दुसरा खर्डा लिहिण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून काढावीत.

*प्रश्न पहिला : प्रत्येकाला या क्षणी काय हवे आहे?* दत्ताला सही हवी आहे, पण ती न मागता मिळायला हवी आहे. आक्काला भावाने आपल्याला विचारायला हवे आहे. दत्ताची बायको सुमन हिला हे काम आजच उरकायला हवे आहे. 'प्रेम', 'न्याय', 'मान' अशी मोठी उत्तरे येथे उपयोगाची नाहीत. या दुपारी, या पडवीत मिळू शकेल किंवा नाकारता येईल, असेच उत्तर हवे.

*प्रश्न दुसरा : ते उघड का बोलता येत नाही?* हा प्रश्न विद्यार्थी हमखास विसरतात. कारणाशिवाय गप्प बसणारी पात्रे कृत्रिम वाटतात. दत्ताने सही मागितली, तर ती देणे आक्काच्या हाती आहे, हे मान्य केल्यासारखे होते. शिवाय इसार आधीच घेतल्याचे सांगावे लागते. आक्काने विषय काढला, तर ती 'हिस्सा मागणारी बहीण' ठरते. म्हणजे जो आधी बोलेल त्याचे नुकसान आहे. अशी कोंडी सापडली की अंतःप्रवाह आपोआप तयार होतो.

*प्रश्न तिसरा : मग बोलायला हाती काय आहे?* दोघांनाही अधिकाराने बोलता येईल, असा एखादा विषय लागतो. त्याला आपण 'निमित्त-विषय' म्हणू. येथे आपण तांदूळ घेऊ. भात झोडून, भरडून झाले की बहिणीला माहेरचा तांदूळ देण्याची या घराची रीत आहे. हा तांदूळ त्याच जमिनीत पिकतो, म्हणून निमित्त-विषय आणि खरा विषय यांचा सांधा नैसर्गिक आहे. हवापाण्याच्या गप्पांना असा सांधा नसतो, त्यामुळे त्या पोकळ वाटतात.

४.३.४ दुसरा खर्डा

*(डिसेंबरातील दुपार. भऱ्यातील घराची पडवी. तांदळाची दोन पोती उभी आहेत. एकाचे तोंड शिवून झाले आहे. दत्ता दाभण-सुतळी घेऊन दुसऱ्याजवळ बसला आहे. आक्का पायरीशी पाय धुऊन वर येते.)*

दत्ता : आलीस? फाट्यावरनं फोन करायचा. गाडी घेऊन आलो असतो.

आक्का : चालत आले. खालच्या खाचरावरनं.

दत्ता : ऊन लई हाय.

आक्का : हरभरा न्हाई टाकला यंदा खाली?

दत्ता : ओल न्हाई धरली.

आक्का : दिवाळीपतुर पाऊस होता की.

*(दत्ता सुतळीला गाठ मारतो. ती सुटते. पुन्हा मारतो.)*

दत्ता : सुमन, आक्काला पाणी आण गं.

सुमन : *(तांब्या-भांडे ठेवीत)* वन्सं, आज ऱ्हावा की. सकाळी हे सोडतील तुमास्नी. पौडला जायचंच हाय तसं बी...

दत्ता : तिला घरी कामं असत्यात.

आक्का : पौडला काय काढलंय?

दत्ता : काय न्हाई. खताचं काम हाय.

आक्का : भात निघाल्यावर खत?

*(सुमन आत जाते. आक्का उघड्या पोत्यातून मूठभर तांदूळ घेते, तळहातावर पसरते.)*

आक्का : इंद्रायणी?

दत्ता : व्हय. परवाच भरडून आणला. कणी कमी हाय यंदा.

आक्का : नवा हाय. पाणी बेतानं घालाय पायजे.

दत्ता : दोन पोती ठेवल्यात तुला. टेम्पोवाल्याला सांगितलंय. दारात उतरवील.

आक्का : दोन?

दत्ता : आसू दे. घरात खाणारी तोंडं हायती.

आक्का : आबा एकच द्यायचं.

दत्ता : आबांच्या टायमाला पिकायचं किती, आक्का.

आक्का : एकच द्यायचं. पन मी आल्याबिगर मापायचं न्हाईत. पायली माझ्या हातात द्यायचं.

*(दत्ता दाभण पोत्यात खुपसून ठेवतो.)*

दत्ता : आता पायलीनं कोन मापतंय. काटा हाय.

आक्का : हाय की काटा.

*(आक्का हातातला तांदूळ परत पोत्यात सोडते. एक दाणा खाली पडतो, तो उचलून टाकते.)*

आक्का : साडेचारची यष्टी हाय ना अजून?

दत्ता : हाय. पन टेम्पो यायचाय.

आक्का : टेम्पो नको. पोतं ऱ्हाऊ दे हितंच. मी येईन न्यायला.

दत्ता : कवा?

आक्का : तू बोलावशील तवा.

*(ती पायरी उतरते. दत्ता पोत्यातून दाभण काढतो, सुतळी ओवतो आणि न शिवता तसाच बसून राहतो.)*

४.३.५ दुसऱ्या खर्ड्याचे विवेचन

या प्रसंगात जमीन, हिस्सा, सही, इसार यांपैकी एकही शब्द आलेला नाही. तरीही पहिल्या खर्ड्यातील बहुतेक सर्व माहिती येथे आहे. ती कशी आली, हे क्रमाने पाहू.

*वाचकाला दिलेले पुरावे.* अंतःप्रवाह म्हणजे माहिती लपवणे नव्हे. माहिती पात्रांच्या तोंडून न देता पुराव्यांतून देणे, हे त्याचे तंत्र आहे. येथे असे तीन पुरावे आहेत. पहिला, न पेरलेले खाचर. ओल असताना हरभरा टाकला नाही, म्हणजे ते शेत कसायचे राहिलेले नाही, हे शेतकऱ्याच्या मुलीला पाहताक्षणी कळते. दत्ता ओलीचे कारण देतो आणि आक्का पावसाची आठवण करून देते. 'खोटे बोलू नकोस' असे ती म्हणत नाही, पण दत्ताच्या हातातील गाठ सुटते. दुसरा पुरावा, सुमनच्या तोंडून निसटलेले पौड. पौड हे मुळशी तालुक्याचे ठिकाण, म्हणजे सरकारी कागदांचे गाव. तिसरा पुरावा, दुसरे पोते. रीत एकाची असताना दोन दिली जात आहेत, म्हणजे जादा पोते कशाच्या तरी बदल्यात आहे. आक्का ते नाकारते, तेव्हा ती तांदळापेक्षा फार मोठी गोष्ट नाकारते.

*दुहेरी काम करणारे शब्द.* 'खताचं काम हाय' या वाक्यातील 'खत' शब्द पाहा. शेताला घालतात ते खत आणि खरेदीखतातले खतही. दत्ताला पहिला अर्थ भासवायचा आहे, पण तोंडून दुसऱ्या अर्थाचे सत्य निसटते. 'नवा हाय, पाणी बेतानं घालाय पायजे' हे वाक्यही पाहा. नव्या तांदळाला शिजताना पाणी कमी लागते, ही स्वयंपाकघरातील साधी खरी गोष्ट आहे. तेच वाक्य भावाला दिलेला सबुरीचा इशाराही होऊ शकते. अशा वाक्यांचा पहिला, वरचा अर्थ नेहमी पूर्णपणे खरा असला पाहिजे. केवळ गर्भितार्थासाठी घडवलेले वाक्य कोड्यासारखे वाटते. म्हणूनच लेखकाला निमित्त-विषयाची खरी माहिती हवी. ज्याला भाताची कणी, नवा-जुना तांदूळ आणि ओलीवरचा हरभरा ठाऊक नाही, त्याला हा प्रसंग लिहिता येणार नाही.

*प्रसंगाचे मर्म.* पायलीचे वाक्य हा या प्रसंगाचा मध्यबिंदू आहे. आबा पोते एकच देत, पण मापण्यासाठी मुलीची वाट पाहत आणि माप तिच्या हाती देत. 'मला पैसा नको, मान हवा' या पहिल्या खर्ड्यातील निष्कर्षाची जागा येथे एका आठवणीने घेतली आहे. दत्ताला ते समजते. म्हणून तो पायलीऐवजी काट्याचा आधार घेतो. वजनकाटा अचूक मोजतो, पण तो कोणाच्या हाती द्यावा लागत नाही.

*शेवट.* प्रसंगाच्या प्रारंभी पोते तयार होते आणि आक्काने ते घेऊन जावे, अशी योजना होती. अखेरीस पोते पडवीतच राहते. आक्काने सही दिली नाही, नाकारलीही नाही. माहेर सोडले नाही, पण पुढच्या वेळी बोलावण्याची जबाबदारी भावावर टाकली. परिस्थिती बदलली आणि संघर्ष जिवंत राहिला. अंतःप्रवाहाच्या प्रसंगातही काहीतरी घडलेच पाहिजे. दोघे सूचक बोलून जागच्या जागी राहिले, तर तो प्रसंग नसून केवळ वातावरणनिर्मिती होते.

*काय वगळले.* या प्रसंगाच्या आधीच्या लेखनात सुमन आक्कासाठी नवी साडीही आणत होती. सही करणाऱ्या बहिणीची साडीचोळीने बोळवण करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, म्हणून तो तपशील खरा होता. परंतु दोन पोत्यांनी जे सांगितले, तेच साडी पुन्हा सांगत होती. एकाच अर्थाचे दोन पुरावे आले की वाचकाला लेखकाचा हात दिसू लागतो. म्हणून साडी काढली.

४.३.६ नेहमी होणाऱ्या चुका आणि त्यांची तपासणी

विद्यार्थ्यांच्या लेखनात पुढील तीन चुका विशेष आढळतात.

*कंसातून फुटणारा अर्थ.* '(मनातला राग गिळत)', '(अर्थपूर्ण नजरेने पाहत)' अशा रंगसूचना म्हणजे संवादात झाकलेली गोष्ट कंसात उघडी करणे होय. कंसात केवळ डोळ्यांना दिसणारी कृती लिहावी. गाठ सुटते, दाणा उचलते, दाभण खुपसतो. अर्थ वाचकाने लावावा.

*अखेरीस धीर सुटणे.* सारा प्रसंग संयमाने लिहून शेवटच्या ओळीत पात्राच्या तोंडी तात्पर्य घातले जाते. वरील प्रसंगात आक्का 'तू बोलावशील तवा' यावर थांबते. त्यापुढे 'मी काय पाहुणी हाय?' असे एक जरी वाक्य घातले असते, तरी मागची सारी बचत उधळली गेली असती.

*अतिरेकी झाकणे.* ही उलट बाजूची चूक आहे. पुरावे इतके पुसट असतात, की लेखकाखेरीज कोणालाच संघर्ष कळत नाही. लेखकाला पार्श्वभूमी पाठ असल्यामुळे त्याला ही चूक स्वतः दिसत नाही. वरील खर्ड्यातही एक मर्यादा आहे, ती लक्षात घ्या. शेतीशी संबंध नसलेल्या वाचकाला हरभऱ्याची खूण कदाचित लागणार नाही. म्हणून सर्व भार एकाच पुराव्यावर टाकलेला नाही. पौड आणि दुसरे पोते यांतून अशा वाचकालाही वाट मिळते.

यासाठी पुढील दोन कसोट्या लावाव्यात.

*वगळून पाहण्याची कसोटी.* खरा संघर्ष क्षणभर विसरून प्रसंग केवळ तांदळाविषयीचा म्हणून वाचा. तो तसाही समजला पाहिजे, पण काहीतरी खुपत राहिले पाहिजे. दोन पोती मिळत असताना ही बाई एकही न घेता का गेली? असा प्रश्न उरत नसेल, तर अंतःप्रवाह तयार झालेला नाही. उलट, संघर्ष माहीत नसेल तर संवादच असंबद्ध वाटत असेल, तर निमित्त-विषय कच्चा आहे.

*दुसऱ्या वाचकाची कसोटी.* पार्श्वभूमी न सांगता प्रसंग तीन-चार जणांना वाचायला द्या आणि दोनच प्रश्न विचारा. 'यांपैकी कोणाला काय हवे आहे?' आणि 'ते तुम्हांला कोणत्या ओळीवरून कळले?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच देता आले नाही, तर पुरावे वाढवा. सर्वांनी एकाच ओळीवर बोट ठेवले, तर ती ओळ फार उघडी आहे. ती सौम्य करा किंवा काढा. वेगवेगळ्या वाचकांनी वेगवेगळ्या ओळी दाखवल्या आणि तरी पहिले उत्तर जवळपास सारखेच आले, तर प्रसंग साधला आहे असे समजावे.

४.४ सारांश

संवादात खरा संघर्ष न बोलता ठेवायचा असेल, तर लेखकाने तो आधी स्वतःसाठी पूर्ण उघड लिहून काढावा. त्यानंतर प्रत्येक पात्राची त्या क्षणाची नेमकी इच्छा, ती उघड न बोलण्याचे सबळ कारण आणि बोलण्यासाठी खराखुरा निमित्त-विषय निश्चित करावा. वाचकाला संघर्ष कळतो तो पुराव्यांतून, म्हणजे वस्तू, कृती, रीतीतील बदल आणि निसटलेले शब्द यांतून. पुरावे एकमेकांची पुनरुक्ती करणारे नसावेत आणि एकट्या पुराव्यावर सर्व भारही नसावा. प्रसंगाअखेर परिस्थिती बदललेली असावी, पण संघर्ष संपलेला नसावा.

४.५ पारिभाषिक शब्द

अंतःप्रवाह : संवादाच्या वरच्या विषयाखाली वाहणारा, न उच्चारलेला अर्थ.
निमित्त-विषय : खऱ्या विषयाऐवजी पात्रे ज्याविषयी बोलतात तो विषय.
इसार : व्यवहार पक्का करण्यासाठी आगाऊ दिलेली रक्कम.
खाचर : बांध घालून पाणी साठवता येईल असे भातशेत.
पायली : धान्य मोजण्याचे जुने माप.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

*एका वाक्यात उत्तरे लिहा.*

१. दत्ता आक्काला थेट सही का मागत नाही?
२. दुसऱ्या खर्ड्यात 'पौड' हा शब्द कोणाच्या तोंडी येतो आणि त्याचे कारण काय असावे?
३. साडीचा तपशील का वगळला?

*उत्तरे*

१. मागितल्यास निर्णय आक्काच्या हाती असल्याचे मान्य करावे लागते आणि न विचारता घेतलेला इसार उघड होतो, म्हणून.
२. तो सुमनच्या तोंडी येतो, कारण तिला काम लवकर उरकायचे आहे आणि भावाबहिणीमधील कोंडी तिला त्यांच्याइतकी बांधून ठेवत नाही.
३. दुसऱ्या पोत्याने सांगितलेलाच अर्थ साडी पुन्हा सांगत होती, म्हणून.

४.७ स्वाध्याय

१. दुसऱ्या खर्ड्यातील प्रसंग आक्का निघून गेल्यानंतर दत्ता आणि सुमन यांच्यात पुढे चालू ठेवा. निमित्त-विषय म्हणून पडवीत राहिलेले पोते घ्या. मर्यादा ३०० शब्द. जमीन, सही, हिस्सा हे शब्द वापरू नका.

२. आपल्या परिसरातील एक निमित्त-विषय निवडा. उदाहरणार्थ, भिशीचा हप्ता, सामाईक विहिरीची पाण्याची पाळी, लग्नपत्रिकेतील नावांचा क्रम. त्याच्या आड कोणता संघर्ष राहू शकेल, हे ठरवून ४.३.३ मधील तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. त्यानंतर पहिला उघड खर्डा आणि दुसरा खर्डा, असे दोन्ही लिहून संपर्कसत्राला घेऊन या.

३. 'वाडा चिरेबंदी'मधील कोणताही एक प्रसंग वाचा. त्यातील पात्रांना त्या क्षणी काय हवे आहे आणि ते कोणत्या पुराव्यांवरून कळते, याची सुमारे २०० शब्दांत नोंद करा.